पहिली टर्म शीट आली: व्हॅल्युएशन आणि डायल्युशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्म शीट म्हणजे इन्व्हेस्टरच्या ऑफरच्या अटींचा कागद, तो हातात आला की पहिल्यांदा फंड घेणारे फाउंडर्स साधारण हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. खाली सगळीकडे एकच उदाहरण आहे. दोन फाउंडर, मिळून १० लाख शेअर्स, एकाकडे ६ लाख आणि दुसऱ्याकडे ४ लाख. इन्व्हेस्टर २ कोटी टाकणार, प्री-मनी ८ कोटी, आणि खाली कुठेतरी १५ टक्के ऑप्शन पूल लिहिलाय. चलन कुठलंही धरा, टक्के तेच येणार.

प्री-मनी ८ कोटी म्हणजे आमची कंपनी ८ कोटींची ठरली का?

तसं मनाला बरं वाटत असेल तर म्हणा. पण हिशोबापुरतं एवढंच की इन्व्हेस्टरचे पैसे यायच्या आधीचा आकडा प्री-मनी, पैसे आल्यानंतरचा पोस्ट-मनी, म्हणजे ८ अधिक २, १० कोटी. इन्व्हेस्टरचा हिस्सा नेहमी पोस्ट-मनीवर निघतो, २ भागिले १०, २० टक्के. बरेच जण २ ला ८ ने भागतात आणि २५ टक्के जाणार म्हणून घाबरून बसतात, तसं नाहीये.

अजून एक, हा ८ चा आकडा कुणी तुमची कंपनी मोजून काढलेला नसतो. अगदी सुरुवातीच्या राउंडला मोजायला असतं तरी काय. बऱ्याच फंडांचं आधीच ठरलेलं असतं की लीड करायचं तर अमुक टक्के मालकी हवीच, मग तुम्हाला किती पैसे लागतात ते बघतात आणि भागाकार करतात. तुम्ही २ कोटी मागितले, त्यांना २० टक्के हवे होते, झाले १० कोटी पोस्ट-मनी. त्यामुळे "आमची कंपनी यापेक्षा जास्त किमतीची आहे" हा वाद घालून फारसं हाती लागत नाही, त्यांना किती टक्के हवेत आणि तुम्हाला किती पैसे हवेत यावर बोलणं जास्त कामाचं.

मग २० टक्के त्यांचे आणि ८० आमचे, बरोबर ना?

नाही, आणि खरी मेख इथेच आहे. ऑप्शन पूल म्हणजे पुढे येणाऱ्या एम्प्लॉईजसाठी बाजूला काढलेले शेअर्स. टर्म शीटमध्ये जवळपास कायम असं लिहिलेलं असतं की हा पूल प्री-मनीच्या आत धरलेला आहे. म्हणजे राउंड झाल्यावर इन्व्हेस्टर २०, पूल १५, आणि तुम्ही दोघं मिळून ६५. पूलचा सगळा भार तुमच्या अंगावर, इन्व्हेस्टरच्या २० ला त्याचा धक्कासुद्धा नाही.

आता शेअरच्या भावात बघा. तुमचे १० लाख शेअर्स म्हणजे ६५ टक्के, तर एकूण शेअर्स होतात साधारण १५,३८,४६२. पोस्ट-मनी १० कोटीला त्याने भागलं की एका शेअरचा भाव ६५. पूल नसता तर हाच भाव ८० असता. १० लाख गुणिले ६५ म्हणजे साडेसहा कोटी, तुमच्या आजच्या कंपनीची इन्व्हेस्टरने खरी लावलेली किंमत ही. ८ कोटी वर ठळक अक्षरात, उरलेलं दीड कोटी तुम्ही अजून न घेतलेल्या माणसांच्या नावावर. याला इफेक्टिव्ह प्री-मनी म्हणतात आणि काढायची रीत सोपी आहे: पोस्ट-मनीच्या पूल टक्के काढा, आणि ते प्री-मनीतून वजा करा.

यात फसवणूक वगैरे काही नाही हां, ही रूढ पद्धत आहे, समोरचाही लपवत नसतो. फक्त तो आपणहून हिशोब करून दाखवणार नाही.

पूल पोस्ट-मनीतून काढला असता तर किती फरक पडला असता?

आधी इन्व्हेस्टर ८० च्या भावाने अडीच लाख शेअर्स घेणार, २० टक्के. त्यानंतर १५ टक्के पूल तयार झाला की सगळेच १५ टक्क्यांनी पातळ होणार, तुमचे ८० चे ६८ आणि त्यांचे २० चे १७. म्हणजे तुमच्यासाठी ६५ आणि ६८ मधला फरक. ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात पण ते तुमच्याकडून थेट त्यांच्याकडे जातात.

तरी माझं मत असं की यावर जीव काढू नका. "पूल पोस्ट-मनीतून घ्या" ही मागणी पहिल्या राउंडला क्वचित मान्य होते, कारण फंडाला क्लोजिंगनंतर, म्हणजे पैसे देऊन शेअर्स घेतल्यावर, आपले ठरलेले टक्के जागेवर दिसायला हवे असतात. पूल कुठून काढायचा यापेक्षा पूल केवढा असावा यावर भांडा, तिथे तुमच्या बाजूने बोलायला खूप काही असतं.

टर्म शीट वाचताना हे कुठे सापडतं? आमच्यात तर "ऑप्शन पूल" अशी वेगळी हेडिंगच नाहीये

बहुतेक वेळा व्हॅल्युएशनच्याच ओळीत घुसवलेलं असतं. मजकूर साधारण असा येतो: "प्री-मनी व्हॅल्युएशन ८ कोटी, फुली डायल्युटेड बेसिसवर, ज्यात क्लोजिंगनंतर १५ टक्के उपलब्ध राहील इतका ऑप्शन पूल समाविष्ट आहे." यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. "फुली डायल्युटेड" म्हणजे आज अस्तित्वात असलेले शेअर्स तर आलेच, शिवाय दिलेले ऑप्शन्स, न दिलेला पूल, कन्व्हर्ट होऊ शकणारं सगळं त्यात मोजलं. "समाविष्ट" म्हणजे तुमच्या खिशातून. आणि "क्लोजिंगनंतर" म्हणजे १५ टक्के हे पोस्ट-मनीचे, प्री-मनीचे नाहीत.

सगळ्यात जास्त गडबड "उपलब्ध" या शब्दाची होते. समजा तुम्ही आधीच काही लोकांना मिळून ५ टक्के ऑप्शन्स देऊन बसलाय आणि तुम्हाला वाटतंय की १५ मधले ५ तर झालेच, आता १० च काढायचे. पण उपलब्ध म्हणजे न वाटलेला, कोरा पूल. आधी दिलेले ५ वेगळे, हे १५ वेगळे. टर्म शीटवरून अंदाज येत नसेल तर इन्व्हेस्टरकडे प्रो-फॉर्मा कॅप टेबल मागा, म्हणजे क्लोजिंगच्या दिवशी कोणाकडे किती शेअर्स आणि किती टक्के असतील तो तक्ता. ते देत नसतील तर स्वतः बनवा, पाठवा आणि लिहून कन्फर्म करून घ्या. हा तक्ता जुळल्याशिवाय बाकी कुठल्याही मुद्द्यावर बोलण्यात अर्थ नाही, दोघंजण वेगवेगळे आकडे डोक्यात धरून बोलत राहतात.

मग मी व्हॅल्युएशन वाढवून मागू की पूल कमी करून?

पूल. हिशोबच बघा ना. पूल १५ चा ८ केला, बाकी काही हलवलं नाही, तर तुमचे ६५ चे होतात ७२ आणि भाव ६५ चा ७२. आता हेच ७२ टक्के पूल १५ ठेवून फक्त व्हॅल्युएशन वाढवून मिळवायचे असतील तर इन्व्हेस्टरला १३ टक्क्यांवर आणावं लागेल. २ कोटीला १३ टक्के म्हणजे पोस्ट-मनी साधारण १५.३८ कोटी, प्री-मनी १३.३८ कोटी. ८ ची ऑफर देणाऱ्याला जाऊन "१३.३८ द्या" म्हणालात तर तो फोन ठेवेल, पण "पूल ८ टक्के पुरेसा आहे, हा बघा हायरिंग प्लॅन" म्हणालात तर बसून बोलेल. तुमच्या दृष्टीने निकाल तोच.

समोरच्यालाही हे सोपं जातं, कारण त्याला आपल्या पार्टनर्सपुढे २० टक्के आणि १० कोटी पोस्ट-मनी हे दोन्ही आकडे होते तसेच दाखवता येतात.

हायरिंग प्लॅन म्हणजे नेमकं काय दाखवायचं?

पुढचे साधारण १८ महिने, म्हणजे हे पैसे पुरेपर्यंत कोणाकोणाला घेणार आणि प्रत्येकाला किती टक्के देणार याची यादी. उदाहरणार्थ, इंजिनिअरिंग हेड २ टक्के, सेल्स लीड दीड टक्का, तीन सीनियर लोक प्रत्येकी ०.६ म्हणजे १.८, आणि पाच ज्युनियर प्रत्येकी ०.२ म्हणजे १. बेरीज ६.३ टक्के. त्यावर अचानक कोणी चांगलं माणूस सापडलं तर म्हणून १.७ हातचे राखा, झाले ८. हे आकडे माझ्या मनाचे आहेत, तुमच्या धंद्यात आणि तुमच्या टप्प्याला काय चालतं ते विचारून भरा. फुगवलेला किंवा कापलेला प्लॅन लगेच कळतो, आणि जो प्लॅन २ कोटीच्या बजेटशी जुळत नाही, म्हणजे ज्यातल्या लोकांचे पगारच त्या पैशात बसत नाहीत, तो तर पहिल्या प्रश्नाला उघडा पडतो.

मेल लांबलचक नको. असं काहीतरी: "टर्म शीटबद्दल आभार. रक्कम आणि तुमची २० टक्के मालकी आम्हाला मान्य आहे. पूलबद्दल बोलायचं होतं. पुढच्या १८ महिन्यांत आम्ही १० जण घेतोय, त्यांच्या ग्रांट्सची यादी सोबत जोडली आहे, एकूण ६.३ टक्के होतात. त्यामुळे उपलब्ध पूल क्लोजिंगनंतर ८ टक्के ठेवावा अशी विनंती. यादीत एखादी जागा राहिली असं वाटत असेल तर जरूर सांगा, तेवढी वाढवू." शेवटच्या वाक्यामुळे चर्चा "बाजारात १५ च चालतं" यावर न जाता कोणती जागा राहिली यावर येते. १५ आणि ८ च्या मध्ये १० वर जरी थांबलात तरी ७० टक्के तुमच्याकडे राहतात, ५ टक्के परत आले की.

पण पूल लहान ठेवला तर पुढच्या राउंडला वाढवावाच लागेल ना, मग फायदा काय?

वाढवावा लागेल, फक्त तेव्हा त्याचा भार हा इन्व्हेस्टरही तुमच्यासोबत उचलेल, कारण तेव्हा तोही जुन्या शेअरहोल्डर्समध्ये मोडतो. आत्ता मोठा पूल काढलात तर पुढच्या राउंडचाही थोडा पूल तुम्ही एकट्याने आधीच भरून ठेवता. शिवाय मध्येच कंपनी विकली गेली तर न वाटलेला पूल सहसा रद्द होतो आणि त्याचा फायदा सगळ्यांना आपापल्या प्रमाणात मिळतो, म्हणजे तुम्ही एकट्याने बाजूला काढलेल्या शेअर्सचा वाटा इन्व्हेस्टरलाही जातो.

पण फार ओढूनही चालत नाही. पूल सहा महिन्यांत संपला आणि मधेच वाढवायची वेळ आली तर त्यासाठी इन्व्हेस्टरची संमती लागते, आणि हातातलं चांगलं माणूस तोपर्यंत थांबेलच असं नाही.

एका एंजलने मागे सेफवर ४० लाख दिले होते. ते कुठे बसतात?

सेफ म्हणजे वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणलेला साधा करार, पैसे आत्ता घ्या, शेअर्स पुढच्या राउंडला द्या. २०१८ पासून त्याचं पोस्ट-मनी रूप आलं आणि आता जास्त करून तेच दिसतं. तुमचा कॅप, म्हणजे शेअर्स देताना धरायचं जास्तीत जास्त व्हॅल्युएशन, ५ कोटी पोस्ट-मनी असेल तर ४० लाखाला ८ टक्के. हे ८ टक्के नव्या राउंडच्या आधीचे, नवे पैसे आणि पूलमधली वाढ आली की त्या एंजलचा हिस्साही तुमच्यासारखाच पातळ होतो.

वरच्या ८ टक्के पूलच्या उदाहरणात नवीन इन्व्हेस्टर २० आणि पूल ८ गेल्यावर ७२ उरले होते. त्यातले ८ टक्के एंजलचे, म्हणजे ५.७६, आणि तुमचे ६६.२४. बऱ्याच फाउंडर्सना हे थेट वकिलाच्या तक्त्यात पहिल्यांदा दिसतं आणि धक्का बसतो. अशा तीन-चार सेफ वेगवेगळ्या कॅपवर घेतलेल्या असतील तर टर्म शीट यायच्या आधीच सगळ्या एका शीटमध्ये कन्व्हर्ट करून बघा. डिस्काउंट किंवा व्याज असलेली कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअर्समध्ये बदलणारं कर्ज, असेल तर व्याजाचेही शेअर्स होतात, ते विसरू नका.

२० टक्केच जास्त वाटतायत, ते कसे कमी करायचे?

दोनच वाटा. एक, दुसरा खरा इन्व्हेस्टर समोर उभा करणं. खरा म्हणजे लेखी टर्म शीट दिलेला किंवा निदान पार्टनर मीटिंगपर्यंत पोचलेला, खोटं सांगितलंत तर फंडवाले एकमेकांना ओळखतात, तोंडावर आपटाल. दोन, कमी पैसे घेणं. त्याच ८ कोटी प्री-मनीवर २ ऐवजी १.६ कोटी घेतले तर १.६ भागिले ९.६, म्हणजे १६.७ टक्के. पण तुमचा महिन्याचा खर्च ११ लाख असेल तर २ कोटी १८ महिने पुरतात आणि १.६ कोटी साडेचौदा. पुढचा राउंड उभा करायलाच कित्येक महिने जातात, त्यामुळे ३.३ टक्के वाचवायच्या नादात तुम्ही पैसे संपत आलेले असताना दारोदार फिरायची सोय करून ठेवताय का ते बघा. आणि ज्या फंडाला किमान २० टक्के हवेच आहेत तो कमी पैसे घेतल्यावर प्री-मनीही खाली ओढतो, हे पण होतं.

दुसऱ्या फंडाने १० कोटी प्री-मनी दिलंय, फक्त प्रेफरन्स "पार्टिसिपेटिंग" आहे. जास्त व्हॅल्युएशन म्हणून हेच घेऊ ना?

थांबा. लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणजे कंपनी विकली तर पैसे कोणाला आधी मिळणार. एक पट नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये इन्व्हेस्टर एकच काहीतरी घेतो, टाकलेले २ कोटी परत किंवा आपल्या टक्क्यांचा वाटा, जे जास्त असेल ते. पार्टिसिपेटिंगमध्ये आधी २ कोटी काढून घेतो आणि उरलेल्यातही टक्क्यांप्रमाणे हात घालतो.

समजा कंपनी १२ कोटीला विकली. पहिल्या ऑफरमध्ये, २० टक्के नॉन-पार्टिसिपेटिंग, इन्व्हेस्टरला २.४ कोटी. दुसऱ्या ऑफरमध्ये टक्के कमी आहेत, १६.७, पण तो आधी २ घेणार आणि उरलेल्या १० मधले १.६७, एकूण ३.६७ कोटी. बाकी सगळं सारखं धरलं तर या दोन ऑफर्स सारख्या व्हायला कंपनी ५० कोटीला विकावी लागते, त्याच्या खाली कुठेही विकली तरी कमी व्हॅल्युएशनवाली पहिली ऑफरच तुम्हाला फायद्याची. विक्री मोठी होईलच असं सगळ्यांना वाटत असतं, असो.

व्हॅल्युएशन खरंच स्वच्छपणे जास्त असेल तर घ्या की, पण पुढच्या राउंडला त्याच्या वर जाता आलं पाहिजे. नाही जमलं तर डाउन राउंड, म्हणजे आधीपेक्षा खालच्या भावाचा राउंड, आणि तेव्हा अँटी-डायल्युशन, म्हणजे पडलेल्या भावाची जुन्या इन्व्हेस्टरला भरपाई देणारी अट, जागं होतं. ते ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज असेल तर ठीक आहे, रूढ आहे, झळ मर्यादित बसते. फुल रॅचेट असेल तर जुन्या इन्व्हेस्टरचा पूर्ण भाव नव्या खालच्या भावावर येतो आणि त्याची भरपाई बहुतेक तुमच्या टक्क्यांतून होते. पहिल्या टर्म शीटमध्ये रॅचेट दिसला तर सरळ काढायला सांगा.

दोन-तीन राउंडनंतर माझ्याकडे किती उरेल?

वजाबाकी करू नका, गुणाकार करा. दर राउंडला २० टक्के इन्व्हेस्टर आणि ५ टक्के पूल वाढ धरली तर आधीच्या सगळ्यांचे ७५ टक्के उरतात. ज्याच्याकडे १० लाखातले ६ लाख शेअर्स आहेत त्याचे पहिल्या राउंडनंतर, ८ टक्के पूल धरून, ४३.२. दुसऱ्यानंतर ३२.४, तिसऱ्यानंतर २४.३.

तीन दिवसांत सही करा म्हणतायत. करू का?

टर्म शीटचा बहुतेक भाग कायद्याने बांधील नसतो, पण गोपनीयता आणि नो-शॉप हे दोन सहसा बांधील असतात. नो-शॉप म्हणजे सही केल्यापासून साधारण ३० ते ६० दिवस तुम्ही दुसऱ्या कुठल्याही इन्व्हेस्टरशी बोलायचं नाही. सही झाली की तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता गेला, म्हणून पूल, प्रेफरन्स, कॅप टेबल हे सगळं सहीच्या आधी. "नंतर डॉक्युमेंट्समध्ये बघू" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबून तेवढा मुद्दा लिहून घ्या.

मुदत वाढवून मागणं अगदी नॉर्मल आहे. "वकिलाला दाखवतोय, अमुक तारखेला उत्तर देतो" एवढं पुरतं, आणि ती तारीख पाळा. वकील मात्र व्हेंचर डील्स केलेलाच घ्या, घरचा ओळखीचा चांगला वकील असला तरी त्याला यातलं काय रूढ आहे ते माहीत नसतं, मग तो नको तिथे ताणतो आणि पूलच्या ओळीकडे बघतही नाही.

सही झाल्यावर, ड्यू डिलिजन्स चालू असताना ते म्हणतायत पूल १२ करा. आता काय?

आधी विचारा की नवीन काय सापडलं. कधी कारण खरं असतं, उदाहरणार्थ एखाद्या जुन्या माणसाला मेलवर कबूल केलेले २ टक्के तुम्ही तक्त्यात धरलेच नव्हते आणि ते आता निघाले. मग त्या २ टक्क्यांचा हिशोब तुमच्या बाजूनेच लागणार, तो मान्य करा आणि पूल ८ चाच ठेवा. काहीच नवीन नसेल तर सही केलेली टर्म शीट आणि त्याला जोडलेला कॅप टेबल समोर ठेवा, म्हणून तर तो जोडायचा असतो. तरीही अडून बसले तर फरक मोजा: ८ चा १२ झाला की तुमच्या ७२ चे ६८ आणि इफेक्टिव्ह प्री-मनी ७.२ वरून ६.८ कोटी. म्हणजे ते ४० लाखांनी भाव पाडतायत, आणि हे याच शब्दात त्यांना सांगा. नो-शॉप कुठल्या तारखेला संपतो ते बघून ठेवा, दुसऱ्या फंडाला फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी करता येतो.